व्हीलचेअरवरच्या माणसाचं ताट

आंबे उतरवताना झाडावरून पडलेला चौतीस वर्षांचा एक माणूस तीन महिन्यांनी इस्पितळातून रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावी परत येतो. गेला तेव्हा ६५ किलोचा होता, आला तो ५६ किलोचा. डिस्चार्जच्या कागदावर ‘टी १०, कम्प्लीट’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झाली आहे आणि बेंबीच्या खाली ना हालचाल उरली आहे ना संवेदना. घरच्यांना मात्र कागदाआधी दिसतात ते त्याचे काटकुळे झालेले पाय. मग आई डिंक, खारीक, खोबरं काढते. बायको सकाळ-संध्याकाळ साखर घातलेलं दूध पुढे करते, “अहो, एवढं तरी घ्या.” भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी खायचं घेऊन येतो. आठ महिन्यांत त्याचं वजन पुन्हा ६५ किलो होतं आणि घरात समाधान पसरतं की गेलेलं परत आलं.

हा माणूस कुणी एक नव्हे. समजायला सोपं जावं म्हणून मी त्याला उभा केला आहे. पण त्याच्या घरातलं हे समाधान मणक्याची इजा झालेल्या असंख्य घरांत दिसतं, आणि ते चुकीचं आहे. जे नऊ किलो गेले ते मुख्यतः स्नायू होते. जे नऊ किलो आले ती जवळजवळ सगळी चरबी आहे. काट्यावरचा आकडा तोच असला तरी त्याखालचं शरीर वेगळं झालेलं असतं, आणि पुढच्या अनेक अडचणींचं मूळ या न दिसणाऱ्या बदलात असतं.

शरीर आपण नुसते पडून असतानाही ऊर्जा खर्च करतं. हृदय, फुफ्फुसं, मेंदू यांचा खर्च तर आहेच, पण त्यात स्नायूंचाही मोठा वाटा असतो. मांड्या आणि नितंबांचे स्नायू हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू. मज्जारज्जूतून त्यांच्यापर्यंत आज्ञा पोचणं थांबलं की काही आठवड्यांतच ते आटायला लागतात. ही झीज उपासमारीची नसते, म्हणून ती खाण्याने भरूनही येत नाही. अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यांत रुग्णाला कितीही भरवलं तरी शरीरातून नायट्रोजन बाहेर पडतच राहतो, म्हणजेच स्नायूंची प्रथिनं मोडतच राहतात, हे मोजमापांतून दिसलेलं आहे. जास्तीचं अन्न त्या काळातही फक्त चरबीच्या खात्यात जमा होतं. त्यात चालणं, उकिडवं बसणं, ओझं उचलणं हा सगळा खर्च एका दिवसात बंद झालेला असतो.

हिशोब मांडून पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार ६५ किलोच्या मध्यम कष्टाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,७०० कॅलरी लागतात. आपला माणूस बागेत राबत होता तेव्हा त्याची भूक याच घरातली होती. मणक्याच्या इजेनंतर, पुनर्वसनाच्या टप्प्यात आलेल्या लोकांवर केलेल्या मोजमापांतून जे आकडे मिळाले ते असे: कमरेखालचा भाग लुळा पडलेल्यांना दर किलोमागे सुमारे २८ कॅलरी, आणि मानेत इजा होऊन हातपाय चारही गेलेल्यांना सुमारे २३. ५८ किलोच्या आपल्या माणसाला यानुसार १,६०० कॅलरी पुरतात. तेवढ्याच वजनाच्या, मानेत इजा झालेल्या माणसाला १,३०० च्या आसपास. म्हणजे पूर्वीच्या जेवणाचा जवळजवळ पाच भागांपैकी दोन भाग आता नको आहे. हे आकडे सरासरीचे आहेत. पायांना जोरदार झटके येणाऱ्याला किंवा रोज व्हीलचेअरवरून लांब जाणाऱ्याला थोडं जास्त लागेल, दिवसभर खाटेवर असणाऱ्याला कमी. सुरुवात करायला मात्र ते भरवशाचे आहेत.

आता ५८ हा आकडा कुठून आला? त्याची उंची १७० सेंटीमीटर. त्या उंचीच्या माणसासाठी ६३-६४ किलो योग्य धरलं, तर कमरेखालच्या लुळेपणात त्यातून पाच ते दहा टक्के वजा करायचे, चारही हातपाय गेले असतील तर दहा ते पंधरा टक्के. गेलेल्या स्नायूंची ती वजाबाकी. त्यामुळे ५७ ते ६० किलो हे त्याचं आजचं योग्य वजन. इथे एक गोष्ट घरच्यांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही चकवते. लठ्ठपणा मोजायला उंची आणि वजनावरून काढलेला बीएमआय वापरतात, आणि जागतिक मापानुसार ३० च्या वर गेलं की लठ्ठ. मणक्याची इजा झालेल्यांच्या शरीरातली प्रत्यक्ष चरबी मोजली तेव्हा मात्र २२ च्या पुढेच ती लठ्ठपणाच्या पातळीला पोचलेली आढळली. आपल्या माणसाचा बीएमआय ६५ किलोला साडेबावीस येतो. गावातल्या कुणाच्याही नजरेला तो अजून सडपातळच आहे.

नऊ किलो चढायला मेजवान्या लागत नाहीत. गरजेपेक्षा दिवसाला ३०० कॅलरी जास्त गेल्या तर महिन्याला किलोभराहून थोडं अधिक वजन वाढतं. एक मोठा डिंकाचा लाडू आणि चमचाभर तूप एवढ्यातच या ३०० कॅलरी बहुतेक भरतात. या चरबीचं ओझं तो रोज हातांवर उचलतो, कारण खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर जायला त्याच्याकडे खांद्यांशिवाय दुसरं काही नाही. खांदा दुखायला लागला की त्याचं हिंडणं-फिरणं बंद, आणि मग बायकोच्या कंबरेचा प्रश्न सुरू होतो. शिवाय साखर शोषून घेणारे स्नायूच कमी झाल्यामुळे मधुमेहाकडे जाण्याचा रस्ताही अशा शरीरात जवळचा असतो.

मग ताट लहान करायचं, एवढंच ना? नाही. नेमकी इथेच दुसऱ्या बाजूने चूक होते. “आता कष्ट नाहीत, भात-आमटी पुरे” असं म्हणून ताटातून मासा, अंडं, उसळ कमी केली जाते आणि पोट भरायला भात आणि बिस्किटं राहतात. ऊर्जेची गरज घटली म्हणून प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं यांची गरज घटत नाही. त्वचेवर जखम नसताना किलोमागे एक ग्रॅमपर्यंत प्रथिनं लागतात, म्हणजे आपल्या माणसाला साठ ग्रॅमच्या आसपास, आणि ती आता १,६०० कॅलरींत बसवायची आहेत. पूर्वी मोठ्या ताटात प्रथिनं आपोआप येत होती. लहान ताटात ती ठरवून आणावी लागतात.

कोकणातल्या घरात हे कसं जमतं ते पाहू. सकाळी अर्धा कप चहा, एक नाचणीची भाकरी आणि एक उकडलेलं अंडं. दुपारी एक ज्वारीची भाकरी, अर्धी वाटी भात, वाटीभर घट्ट डाळ किंवा कुळथाची उसळ, पालेभाजी, ताक. चार वाजता एखादं फळ आणि मूठभर फुटाणे. रात्री बांगड्याचं किंवा कुठल्याही माशाचं एक मोठं खाप, एक भाकरी, भाजी, अर्धी वाटी भात. दिवसभरात एक पेला साय काढलेलं दूध किंवा दही. सगळ्या स्वयंपाकात मिळून त्याच्या वाट्याचं तेल चार लहान चमचे. एवढ्यात १,६०० ते १,७०० कॅलरी होतात आणि प्रथिनं साठ-पासष्ट ग्रॅम भरतात. मासे-अंडी न खाणाऱ्या घरात माशाच्या जागी पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या आणि अंड्याच्या जागी मुगाचं धिरडं येतं. या ताटात उपासमार कुठेच नाही. वगळलेलं आहे ते लाडू, साखरेचं दूध, फरसाण आणि भाताची दुसरी वाढणी.

आपल्या माणसाच्या घरी मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. आठव्या महिन्यात बायकोला त्याची चड्डी बदलताना डाव्या बैठकीच्या हाडावर एक लालसर काळपट डाग दिसला. त्याला तो जाणवण्याचा प्रश्नच नव्हता. पंधरा दिवसांत तिथली कातडी गेली आणि आत पिवळट चरबी दिसू लागली. दाबामुळे होणाऱ्या जखमेची ही तिसरी पायरी. गावाकडे आणि इस्पितळातही तिला बेडसोरच म्हणतात, मग ती खाटेमुळे झालेली असो की खुर्चीमुळे.

जखमेचं मुख्य कारण दाब आहे, अन्न नव्हे. बसल्या जागी आपण सगळे नकळत चुळबुळ करतो. त्याला ती सूचनाच मिळत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये चिरडल्या गेलेल्या मांसातला रक्तपुरवठा थांबतो आणि ते मरतं. म्हणून बसलेलं असताना दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दोनेक मिनिटं त्या हाडावरचा भार काढायचा असतो, आणि झोपेत कूस बदलायची असते. हे झालं नाही तर जगातलं कुठलंही प्रोटीन पावडर जखम भरून काढणार नाही. पण वजनाचाही यात हात असतो, आणि तो दोन्हीकडून. वजन फार कमी असेल तर हाडावर मांसाची गादीच उरत नाही. वजन वाढलं तर त्याच हाडावर अधिक भार येतो. माणूस पूर्वीसारखा उचलला जात नाही, फरफटतो, आणि त्या घासण्याने कातडी सोलते. सोळा इंची खुर्ची कंबरेला तंग होऊन बाजूचे लोखंडी भाग मांडीच्या हाडाला दाबू लागतात. चरबी जास्त आहे म्हणजे हाडाला गादी चांगली मिळाली, हा समज सोडून द्यायला हवा.

जखम झाली की ताटाचा हिशोब उलटतो. आत्तापर्यंत ऊर्जा कमी करायची होती. आता नवीन मांस बांधायचं आहे, जंतूंशी लढायचं आहे, आणि जखमेतून रोज झिरपणाऱ्या पाण्याबरोबर प्रथिनं बाहेर चालली आहेत. जखमेच्या उपचारांबाबतची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं अशा वेळी कुपोषित किंवा कुपोषणाच्या उंबरठ्यावरच्या रुग्णाला किलोमागे ३० ते ३५ कॅलरी आणि सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं सुचवतात. मोठ्या, खोल जखमेत प्रथिनं याहूनही वाढवावी लागतात. आपल्या माणसाचं योग्य वजन धरून चाललं तर रोज १,८०० च्या आसपास कॅलरी आणि ८५ ते ९० ग्रॅम प्रथिनं. वजन ६५ आहे, उतरवायला हवं आहे, हे खरं. पण जखम भरेपर्यंत वजन उतरवण्याचा कार्यक्रम थांबवायचा. अंगावर चरबी असूनही माणूस कुपोषित असू शकतो, हे डोळ्यांनी दिसत नाही म्हणून विसरलं जातं.

ही तीस ग्रॅमची भर घालणं वाटतं तेवढं अवघड नाही. सकाळच्या एका अंड्याची तीन अंडी केली की बारा ग्रॅम आले. पन्नास ग्रॅम पनीर किंवा एक मोठी वाटी घट्ट दही, आठ-नऊ ग्रॅम. सोयाबीनच्या वड्या कोरड्या असताना पंचवीस ग्रॅम घेऊन रश्शात शिजवल्या की बारा-तेरा ग्रॅम. प्रथिनं दिवसभरात वाटून घ्यावीत, सगळी रात्रीच्या जेवणात कोंबू नयेत. आधी एक तपासणी मात्र हवी: मूत्राशयाच्या त्रासामुळे या लोकांची मूत्रपिंडं धोक्यात असतात, म्हणून प्रथिनं वाढवण्यापूर्वी रक्तातलं क्रिएटिनिन पाहून डॉक्टरांना विचारायचं. त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्यायची. रक्त कमी असेल तर जखमेपर्यंत प्राणवायू पोचत नाही आणि साखर वाढलेली असेल तर जंतूंना मोकळं रान मिळतं.

आपल्याकडे नेमकं याच वेळी उलटं पथ्य सुरू होतं. डाळीने पू होतो, अंड्याने उष्णता वाढते, आंबट खाल्लं की जखम चिघळते, असं घरोघरी सांगितलं जातं आणि माणूस पेज-भातावर येतो. डाळ आणि अंडी हे जखम भरायचं सामान आहे. आंबटाच्या भीतीने आवळा आणि पेरू बंद केले तर क जीवनसत्त्व जातं, आणि त्याच्याशिवाय नवीन मांसाला धरून ठेवणारे तंतू नीट तयारच होत नाहीत. दुसऱ्या टोकाला महागड्या डब्यांचा आणि जस्ताच्या गोळ्यांचा मारा होतो. जस्त कमी पडत असेल तर द्यावं. पण दिवसाला चाळीस मिलिग्रॅमच्या पुढे ते दीर्घकाळ घेतलं की शरीरातलं तांबं घटतं आणि रक्त आणखी कमी होतं. अल्ब्युमिन कमी आलं म्हणून बाटल्या चढवण्याचा आग्रहही काही घरं धरतात. जखमेच्या दाहामुळेच ते उतरतं. त्यावरून माणूस किती जेवतो हे ठरवता येत नाही, आणि बाटलीने तो जेवल्यासारखाही होत नाही.

जखम भरते आहे की नाही हे दर आठवड्याला लांबी-रुंदी मोजून वहीत लिहायचं. दाब काढला आहे, जेवण सुधारलं आहे, तरीही दोन आठवड्यांत सुधारणेची काहीच खूण नसेल, तर काहीतरी निसटतं आहे: आत हाडाला जंतुसंसर्ग असेल, बसण्याची गादी बसकण मारलेली असेल, किंवा माणूस सांगतो तेवढं खात नसेल. शेवटची शक्यता तपासणं सगळ्यात सोपं, तरी ती सगळ्यात कमी तपासली जाते. तीन दिवस ताटात काय वाढलं याबरोबर काय उरलं तेही लिहून काढलं की उत्तर मिळतं.

आता शौचाचा विषय. यावर घरात कुणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि माणूस मात्र दिवसभर त्याचाच विचार करत असतो. आपला माणूस जेवण कमी करतो, पाणी टाळतो, कुठे जायचं असेल तर आदल्या दिवसापासून उपाशी राहतो, ते या भीतीपोटी. म्हणून आहाराचं कुठलंही नियोजन शौचाचं वेळापत्रक बसल्याशिवाय टिकत नाही.

इजेनंतर मोठ्या आतड्याची हालचाल मंदावते. पूर्वी जे अन्न दीड-दोन दिवसांत बाहेर पडत होतं, त्याला आता कित्येक दिवस लागू शकतात, आणि तेवढ्या वेळात त्यातलं पाणी शोषलं जाऊन मळ घट्ट होतो. गुदद्वाराचं काय होतं हे इजेच्या जागेवर ठरतं. छातीच्या पातळीवरच्या इजेत, आपल्या माणसासारखी, खालच्या मज्जारज्जूतलं प्रतिक्षिप्त केंद्र सहसा शाबूत असतं. तिथलं द्वार घट्ट मिटलेलं राहतं, पण बोटाने हलकं फिरवून चेतवलं किंवा सपोझिटरी ठेवली की आतडं आपणहून रिकामं होऊ शकतं. कंबरेच्या मणक्यापाशी इजा असेल तर ते केंद्र किंवा त्याच्या नसाच तुटतात. द्वार सैल पडतं आणि मळ बोटाने काढावा लागतो, तोही सहसा रोज. पहिल्या प्रकारात मळ मऊ पण आकार धरलेला हवा. दुसऱ्या प्रकारात थोडा घट्ट असलेला बरा, कारण मऊ मळ सैल द्वारातून नकळत बाहेर येतो. म्हणून एकाला उपयोगी पडलेला पपईचा आणि इसबगोलाचा सल्ला दुसऱ्याला अडचणीत टाकतो. आपला प्रकार कोणता हे डॉक्टर साध्या तपासणीत सांगू शकतात, आणि ते विचारून घ्यायलाच हवं.

जेवणानंतर पोट भरलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही शरीराची जुनी सवय इजेनंतरही थोडीफार उरते. तिचा फायदा घ्यायचा. सकाळचा गरम चहा आणि नाश्ता झाला की वीस ते तीस मिनिटांनी कमोडच्या खुर्चीवर बसायचं, रोज किंवा एक दिवसाआड, पण वेळ तीच. हा कार्यक्रम तासाच्या आत संपला पाहिजे. कमोडची भोकाची प्लास्टिक बैठक कठीण असते आणि तिच्यावर दीड-दोन तास बसणं ही बैठकीच्या जखमेची ठरलेली वाट आहे. त्या बैठकीला फोमची गादी लावून घेणं हा थोड्या खर्चाचा पण फार मोलाचा उपाय.

मळ घट्ट होतो म्हणून सगळे चोथा वाढवायला सांगतात. निरोगी माणसाला लागू पडणारा हा सल्ला इथे जपून घ्यायला हवा. मंद आतड्यात चोथा जास्त झाला तर तो वेग न वाढवता नुसता साचतो; मणक्याची इजा झालेल्यांना जास्त कोंडा देऊन पाहिला तेव्हा मळाचा प्रवास आणखी लांबल्याचंही आढळलं आहे. इस्पितळात अशा रुग्णांना दिवसाला १५ ग्रॅम चोथ्यापासून सुरू करून हळूहळू वाढवतात. आपल्या वर सांगितलेल्या ताटात तीन भाकऱ्या, उसळ, भाज्या, फुटाणे आणि पेरू मिळून तो तीस ग्रॅमच्या पुढे सहज जातो. म्हणजे मराठी घरात चोथ्याची कमतरता क्वचितच असते. त्यावर रात्री इसबगोल घातलं की पोट फुगतं आणि गॅस होतो. तसं झालं तर एक भाकरी काढून तिथे भात घ्यावा. बदल एका वेळी एकच करायचा आणि आठ-दहा दिवस थांबून पाहायचं, कारण आजचा मळ हा चार-पाच दिवसांपूर्वीच्या जेवणाचा असू शकतो. काल काय खाल्लं त्यावर आजचा दोष ठेवण्यात बहुतेक घरं फसतात.

पाण्याचा ताळमेळ मूत्राशयाशी घालावा लागतो. दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढणाऱ्याच्या मूत्राशयात एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या पुढे साठू नये. त्यासाठी दिवसभरात साधारण दोन लिटर पाणी, तासा-तासाला थोडं थोडं, आणि रात्री आठनंतर कमी, अशी घडी बसते. नळी कायमची ठेवलेली असेल तर डॉक्टर सहसा याहून जास्त प्यायला सांगतात. मूत्राशय शांत ठेवणाऱ्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि काही वेदनाशामकं मळ घट्ट करतात. नवीन गोळी सुरू झाली आणि शौच बिघडलं, तर ताटाआधी गोळ्यांची पाकिटं तपासावीत.

एक खूण प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. चार-पाच दिवस शौच नीट झालेलं नाही आणि अचानक पाण्यासारखं पातळ होऊ लागलं, तर ते जुलाब असतीलच असं नाही. आत घट्ट मळाचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ द्रव झिरपतो. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली की गोळा आणखी पक्का होतो. बैठकीवर किंवा माकडहाडावर जखम असेल तर या झिरपण्याने ती रोज घाण होते आणि भरायची थांबते. छातीच्या सहाव्या पातळीच्या वर किंवा मानेत इजा असलेल्यांना साचलेल्या मळामुळे एकाएकी रक्तदाब चढून जोराचं डोकं दुखू शकतं, चेहऱ्यावर घाम आणि लाली येते. त्यांना ताबडतोब बसतं करायचं, कपडे सैल करायचे, आधी लघवीची नळी अडकली आहे का ते पाहायचं, आणि दाब उतरत नसेल तर थेट दवाखाना गाठायचा.

हे सगळं नीट चाललं आहे का, ते सांगणारं एकच स्वस्त साधन आहे, वजन. उभं राहता न येणाऱ्या माणसाचं वजन कसं करायचं या प्रश्नापाशी बहुतेक घरं थांबतात आणि डिस्चार्जनंतर वर्षानुवर्षं वजन होतच नाही. व्हीलचेअरसकट वजन करणारे खास काटे मोठ्या पुनर्वसन केंद्रांत असतात. गावात ते नसतात. पण रेशन दुकानात, काजू-बी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे, भाताच्या गिरणीत पोती ठेवायचा लोखंडी फळीचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो. त्याच्यावर खुर्ची चारही चाकांसकट मावते, चढवायला एक मजबूत फळी लागते. आधी माणसासकट वजन, मग त्याला दुसऱ्या खुर्चीत हलवून रिकाम्या खुर्चीचं वजन, गादी आणि पायटे लावलेले असतानाच. खुर्चीचं वजन एकदा तिच्याच पाठीवर मार्करने लिहून ठेवलं की पुढच्या वेळी तो त्रास नाही. आपल्या माणसाचं एकत्र वजन ८३ किलो भरलं, खुर्ची आणि गादी १८ किलोची, म्हणजे तो ६५ चा. दर वेळी काटा तोच हवा, कपडे साधारण तेवढेच, शौच आणि लघवी झाल्यानंतरची वेळ, आणि खुर्चीला पिशवी अडकवलेली नको. पावलांना सूज असेल तर तीही वहीत लिहावी, कारण ते पाण्याचं वजन असतं.

एरवी महिन्यातून एकदा पुरे, जखम असताना दर पंधरा दिवसांनी. काटा मिळालाच नाही तर शिवणाची टेप वापरावी: आडवं झोपवून, श्वास सोडल्यावर, दर वेळी बेंबीच्याच रेषेत पोटाचा घेर. पोटाच्या स्नायूंची ताकद गेली की पोट थोडं सुटतंच, म्हणून पहिल्या आकड्याने घाबरायचं नाही. तो महिन्यागणिक चढतो आहे का ते पाहायचं. वजन प्रयत्न न करता महिन्यात पाच टक्के, म्हणजे आपल्या माणसाचं तीनेक किलो, उतरलं तर ते आनंदाचं लक्षण नव्हे. जखम, लपलेला जंतुसंसर्ग, उदासपणामुळे तुटलेलं जेवण, यांपैकी काहीतरी शोधायला लागतं.

आपल्या माणसाची जखम भरायला पाच महिने लागतात, ज्यातले बरेचसे त्याने पालथं झोपून काढलेले असतात. त्या काळात वजन ६४-६५ वरच राहिलं तर जेवण बरोबर चाललं असं समजायचं. नवी कातडी पक्की झाल्यावर डॉक्टरांच्या संमतीने जास्तीची अंडी आणि पनीर कमी करून ताट पुन्हा १,६०० वर आणायचं. महिन्याभरात काटा हललाच नाही, तर आणखी दीडशे कॅलरी काढायच्या, भातातून आणि तेलातून. डाळ, मासा, ताक यांना हात लावायचा नाही. महिन्याला किलोभर उतरणं पुरेसं आहे, आणि ५९-६० किलोशी आलं की थांबायचं. झपाट्याने वजन उतरवलं तर उरलेसुरले स्नायूही जातात, आणि खुर्चीतून उठायला लागणारे दंड त्यांतच मोडतात. सहा महिन्यांच्या तपासणीला जाताना वही बरोबर न्यावी: वजन, पोटाचा घेर, शौचाच्या वेळा, कातडीवरचे डाग. हिमोग्लोबिन, साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्व या तपासण्या त्याच वेळी करून घ्याव्यात, आणि ताटाचा पुढचा आकडा त्यांवरून ठरवून घ्यावा.